गोव्यातल्या पाट्या: मराठी की कोंकणी? (प्रकल्प नोंदी)

९ जून

गोव्यातल्या पाट्यांचे, कोनशिलांचे आणि सूचनाफलकांचे फोटो भाषेनुसार लावायचे आहेत. देवनागरी पाटी दिसली की ती मराठी, कोंकणी की हिंदी हे ठरवून पुढे सरकायचं. इंग्रजी आणि रोमी कोंकणी आधीच बाजूला काढली आहे. लिपी वेगळी असल्याने तिथे प्रश्न नव्हता. खरा प्रश्न देवनागरीचा आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी गोव्याची राजभाषा झाली आणि त्याच कायद्याने मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. केंद्र सरकारची कार्यालयं हिंदी आणतात. त्यामुळे एकाच चौकात एकाच लिपीतल्या तीन भाषा सहज सापडतात.

सुरुवात एकाच सूचनेपासून केली, कारण ती सगळीकडे असते: इथे कचरा टाकू नका.

मराठी: येथे कचरा टाकू नये.
कोंकणी: हांगा कोयर उडोवं नाकात.
हिंदी: यहाँ कूड़ा न डालें.
नेपाळी: यहाँ फोहोर नफाल्नुहोस्.

नेपाळी गोव्यासाठी गरजेची नाही. पण हेच नियम गंगटोकच्या पाट्यांवर वापरून बघायचे असं एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे, म्हणून शेजारी ठेवली. चार ओळींत कचऱ्याला चार शब्द आहेत. शब्दसंग्रहाच्या मागे लागलो तर यादी संपणारच नाही. पाटी दुकानाची असेल, दवाखान्याची असेल, मतदान केंद्राची असेल. म्हणून कचरा हा शब्द सोडून बाकीचं वाचायचं. ‘इथे’ कसं म्हटलंय आणि नकार कुठे बसलाय? मराठीत आणि कोंकणीत नकार क्रियापदानंतर येतो (टाकू नये, उडोवं नाकात), हिंदीत तो क्रियापदाआधी सुटा येतो, नेपाळीत क्रियापदाला पुढून चिकटतो. हे सूचना कशाचीही असली तरी टिकतं. पाटी ओळखताना नामांपेक्षा असे छोटे शब्द आणि प्रत्यय जास्त कामाचे, हे धोरण आजच नक्की केलं.

१२ जून

आधी हिंदी वेगळी काढायची. ती अक्षरांवरूनच बरीचशी निघते.

सगळ्यात सोपी खूण बँकेच्या दारावर असते. हिंदीत ‘बैंक’, मराठीत आणि कोंकणीत ‘बँक’. इंग्रजीतला तो स्वर मराठी चंद्राने दाखवते, हिंदी दोन मात्रांनी. ‘ॲ’ने सुरू होणारा शब्द दिसला तर हिंदी जवळपास बाद होते. उलट ड किंवा ढ यांच्याखाली नुक्ता दिसला (सड़क, गाड़ी, पढ़ना) तर हिंदी. मात्र हिंदी पाटीवर नुक्ता असेलच असं नाही. रंगाऱ्याने ‘सडक’ लिहून काम उरकलेलं पुष्कळदा दिसतं. तेव्हा नुक्ता असणं हा पुरावा, नसणं हा पुरावा नाही.

दुसरी खूण ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात आणि अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकारही दीर्घ असतो. तत्सम शब्द या दुसऱ्या नियमाला अपवाद आहेत. म्हणून मराठी ‘समिती’, हिंदी ‘समिति’. मराठी ‘शांती’, हिंदी ‘शांति’. मराठी ‘नागपूर’, हिंदी ‘नागपुर’. कोंकणीतही ‘समिती’च, त्यामुळे ही खूण हिंदीला दूर करते, पुढचं काही सांगत नाही. मराठीतही ‘आणि’, ‘तथापि’ ही अव्ययं ऱ्हस्वान्त राहतात आणि समासात पहिल्या तत्सम शब्दाचा शेवट ऱ्हस्वच राहतो. १९ डिसेंबरच्या फलकावरचा ‘मुक्तिदिन’ शुद्ध मराठी आहे. म्हणून हा नियम सुट्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरालाच लावायचा आणि अव्ययं वगळायची.

महिन्यांची नावंही उपयोगी पडतात, कारण कोनशिलेवर तारीख असतेच. जनवरी, अगस्त, सितंबर, दिसंबर दिसले की हिंदी.

‘ळ’बद्दल सावध राहायला हवं. ळ दिसला म्हणजे हिंदी नाही, असं पटकन म्हणावंसं वाटतं. पण हिंदी मजकुरात मराठी गावाचं नाव जसंच्या तसं ठेवलं तर त्यात ळ येतो. कुणी ‘धुले’, ‘जलगांव’, ‘भुसावल’ लिहितं, कुणी ‘धुळे’ ठेवतं. म्हणजे विशेषनामातला ळ ओळीची भाषा सांगत नाही, फक्त गावाची सांगतो. विशेषनामं आधी झाकून मग अक्षरं मोजायची.

अक्षराच्या वळणाचाही एक रकाना ठेवला आहे. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वळणं अधिकृत ठरवली. हाताने रंगवलेल्या पाटीवर हा फरक डोळ्यांना दिसतो. मजकूर टंकला की नाहीसा होतो, कारण दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. फ्लेक्सवर तर फाँट देईल ते वळण छापलं जातं, मग ओळ मराठी असली तरी ल हिंदी दिसतो. रकाना भरतो आहे, पण त्याला निर्णयात वजन दिलेलं नाही.

१५ जून

टंकलेल्या मजकुराची साफसफाई. हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे गफलत झाली तर पुढचे सगळे नियम खोटं बोलतात.

‘दुसऱ्या’ या शब्दातला आडवा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ऱ (`U+0931`) आणि त्यावर हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक (`U+200D`). पडद्यावर दोन्ही सारखेच. बहुतेक सफाईच्या कार्यक्रमांत न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकतात. तसं केलं की दुसऱ्या प्रकारातला आडवा र रफार होऊन बसतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. हिंदीत हा आडवा र नसतो, त्यामुळे तो गमावणं परवडणारं नाही.

दुसरी भानगड नुक्त्याची. युनिकोडच्या दृष्टीने ऱ म्हणजे र अधिक नुक्ता. मजकूर `NFD` रूपात फोडला की ‘दुसऱ्या’तून एक सुटा नुक्ता बाहेर पडतो आणि नुक्ता शोधणारा नियम अस्सल मराठी शब्दाला हिंदी ठरवतो. `NFC` रूपात मात्र ऱ एकसंध राहतो, आणि हिंदीचा ड़ नेहमी ड अधिक नुक्ता असा फुटलेला मिळतो, मग तो कसाही टंकलेला असो. दोन्ही गोष्टी आपल्याला हव्या तशाच. म्हणून:

```python
import unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    # र + हलन्त + जोडक  ->  ऱ + हलन्त
    return s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")

def nukta(s):
    return "\u093c" in saaf(s)
```

‘ॲ’चंही तसंच. तो एकसंध (`U+0972`) टंकता येतो, किंवा अ आणि त्यावर चंद्र असा. `NFC` या दोघांना एक करत नाही. ते बदल स्वतंत्र ओळीने करावे लागतात. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या टंकलेल्या याद्यांत दुसरंच रूप भेटतं.

२१ जून

हिंदी बाजूला झाली. आता मूळ प्रश्न: मराठी की कोंकणी?

अक्षरं इथे हात टेकतात. ळ दोघींत आहे, ण दोघींत आहे, चंद्र दोघींत आहे, आडवा रही आहे. ‘शाळा’ दोघींत ‘शाळा’च. एखादं अक्षर दाखवून ‘ही कोंकणी’ म्हणता येईल असं अक्षर नाही. म्हणून शब्दांच्या शेवटांकडे वळलो.

पहिला शेवट पुल्लिंगी नामांचा. मराठीत आकारान्त, कोंकणीत ओकारान्त. रस्ता आणि रस्तो, धोका आणि धोको. विजेच्या खांबावरचा एकच शब्द एवढं सांगून जातो. षष्ठीतही तोच फरक: मराठीत -चा, कोंकणीत -चो.

दुसरा शेवट नपुंसकलिंगाचा. मराठीत ‘गावाचे नाव’, कोंकणीत ‘गांवाचें नांव’. शेवटच्या एकारावर अनुस्वार: -चें, -लें, नवें, जालें. देवनागरी कोंकणीच्या पानावर नजर टाकली की हे टिंब सगळीकडे दिसतं. पण हिंदीतही -ें आहेच (‘में’, ‘करें’, ‘न डालें’, ‘पुस्तकें’). म्हणजे हिंदी आधी वेगळी काढल्याशिवाय हा नियम लावताच येत नाही. नियमांचा क्रम हाही नियमच आहे.

तिसरा शेवट सप्तमीचा, आणि तो दिसतो तितका पक्का नाही. कोंकणीत ‘गोंयांत’, मराठीत ‘गोव्यात’. पण मराठीतही अनेकवचन असेल तर अनुस्वार येतो: ‘शाळेत’ एक, ‘शाळांत’ अनेक. म्हणून -ांत ला अगदी थोडं वजन.

शेवटांपेक्षा भक्कम काही असेल तर ते छोटे शब्द. ‘आहे’ आणि ‘आसा’. ‘आणि’ आणि ‘आनी’. ‘येथे’ आणि ‘हांगा’. ‘झाले’ आणि ‘जालें’. ‘यांच्या’ आणि ‘हांच्या’. यातला कुठलाही एक स्पष्ट वाचता आला तर बाकीचं बघायचीही गरज नाही, असं माझं मत झालं आहे. ‘नाका’ मात्र या यादीतून काढला. कोंकणीत तो ‘नको’, पण मराठी पाटीवर टोल नाका आणि चेक नाका असतोच. बहुवचनी ‘नाकात’ ठेवला.

स्वच्छतागृहांच्या दारांवर दोनच शब्द असतात आणि तेवढे पुरतात. ‘दादले’ आणि ‘बायलो’ असेल तर कोंकणी. ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ असेल तर मराठी. नुसता ‘पुरुष’ फोटोत आला असेल तर काहीच सांगता येत नाही, शेजारचं दार हवं.

२८ जून

उद्घाटनाच्या कोनशिला या सगळ्यात चांगला नमुना. त्यांवर पूर्ण वाक्य असतं. आज एक सविस्तर सोडवली. नावं गाळून मजकूर असा:

हे इमारतीचें उक्तावण मुखेलमंत्री … हांचे हस्तुकीं … दिसा जालें.

तोच मजकूर मराठीत: या इमारतीचे उद्घाटन मुख्यमंत्री … यांच्या हस्ते … रोजी झाले.

पहिलं पाऊल हिंदीचं. नुक्ता नाही, ‘का’, ‘के’, ‘में’ असे सुटे प्रत्यय नाहीत, ‘कर-कमलों द्वारा’ नाही. हिंदी बाद. दुसरं पाऊल छोट्या शब्दांचं. ‘हांचे’ आणि ‘जालें’ दोन्ही कोंकणीकडे, मराठीकडे एकही नाही. इथेच निर्णय झाला. तरी पुढे वाचलं, कारण मला बघायचं होतं की शेवट आणि छोटे शब्द एकाच दिशेला बोट दाखवतात का. ‘इमारतीचें’ आणि ‘जालें’ ही -ें दोन्ही कोंकणीकडे. मग नामं: ‘उक्तावण’, ‘मुखेलमंत्री’, ‘हस्तुकीं’, ‘दिसा’. सगळं जुळलं.

आता याच कोनशिलेचा उजवा अर्धा भाग शेवाळाने झाकला असता आणि ‘हे इमारतीचें’ एवढंच दिसलं असतं, तर? मराठी वाचकाच्या डोळ्याला ‘हे इमारतीचें’ खटकतं, कारण तिथे ‘या’ हवा. त्यावरून अंदाज बांधता येतो. पण कार्यक्रमाला ते खटकत नाही. ‘हे’ दोघींत आहे. त्याच्या हातात फक्त एक -चें उरतो. आणि एकट्या -चें वर निर्णय का घेता येत नाही, ते पुढच्या नोंदीत.

५ जुलै

एका जुन्या वाचनालयाच्या दगडावरचा मजकूर, पुन्हा नावं गाळून:

हें वाचनालय कै. … यांचे स्मरणार्थ त्यांच्या चिरंजीवांनीं बांधविलें.

-ें मोजला तर दोनदा: हें, बांधविलें. ‘चिरंजीवांनीं’वरचं शेवटचं टिंब आणखी वर. शेवटांच्या नियमाने हा दगड सरळ कोंकणीच्या ढिगात जातो. पण हा मराठी आहे.

कारण शुद्धलेखनाच्या इतिहासात आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, तोपर्यंत मराठीतही नपुंसकलिंगी एकारावर अनुस्वार लिहीत. पुणें, ठाणें, घरें, केलें, झालें, त्यांनीं, पुण्यांत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२च्या नियमांनी काढून टाकले. कोंकणीत ते उच्चारात जिवंत आहेत, म्हणून लिखाणातही राहिले. म्हणजे जुनी मराठी पाटी आणि आजची कोंकणी पाटी टिंबांपुरत्या सारख्या दिसतात. गोव्यात हा घोटाळा जास्त होतो, कारण इथली देवळं, वाचनालयं, पाठशाळा यांच्या जुन्या दगडांवर मराठी भरपूर आहे आणि आजूबाजूच्या नव्या पाट्यांवर कोंकणी आहे.

मग दगड सोडवायचा कसा? टिंबं बाजूला ठेवायची आणि टिंब पुसलं तरी शिल्लक राहणारा फरक शोधायचा. ‘यांचे’ इथे य आहे. कोंकणीत ‘हांचे’ असतं. ‘बांधविलें’ इथे ध आहे, आणि -विले हे मराठी प्रयोजकाचं जुनं रूप आहे. कोंकणीत ‘बांद-’, महाप्राण गळालेला. ‘स्मरणार्थ’च्या जागी कोंकणीत ‘उगडासाक’ असतं. तिन्ही मराठीकडे. टिंबं पुसून वाचलं तर ‘हे वाचनालय यांचे स्मरणार्थ त्यांच्या चिरंजीवांनी बांधविले’, आणि ही आजचीही मराठी आहे. कोंकणी मजकुराची टिंबं पुसली तरी तो मराठी होत नाही: ‘हे इमारतीचे उक्तावण हांचे हस्तुकी जाले’. या चाचणीवर माझा विश्वास बसला आहे, म्हणून ती नियमांत सगळ्यात वर घातली. टिंबं पुसा, मग वाचा. टिंबं फक्त शेवटी, बाकी सगळं समसमान असेल तर, मोजायची.

काळाचा रकानाही जोडला. दगडावर १९६२च्या आधीचं साल असेल तर -ें चं वजन शून्य. साल नंतरचं असेल तर थोडं, पूर्ण नाही. नियम बदलले म्हणून लिहिणारे लगेच बदलले नाहीत, आणि ‘गांव’वरचं टिंब तर महाराष्ट्रातल्या पाट्यांवर अजूनही दिसतं.

९ जुलै

नुसत्या नावांच्या पाट्या.

‘मडगांव’. मराठी आजची असेल तर ‘मडगाव’, कोंकणी असेल तर ‘मडगांव’, हिंदी असेल तर तीही ‘मडगांव’, आणि जुन्या वळणाची मराठीही ‘मडगांव’. टिंबासह एकच शब्द आणि तीन शक्यता. ‘सांगें’, ‘केपें’, ‘पेडणें’ यांचंही तेच. आजच्या मराठीत सांगे, केपे, पेडणे, पण जुन्या मराठीत टिंबासह. नाव मुळातच वेगळं असेल तर गोष्ट सोपी. ‘म्हापसा’ मराठी, ‘म्हापशें’ कोंकणी. ‘फोंडा’ मराठी, ‘फोंडें’ कोंकणी. ‘डिचोली’ मराठी, ‘दिवचल’ कोंकणी. ‘गोवा सरकार’ मराठीही असू शकतं आणि हिंदीही. ‘गोंय सरकार’ फक्त कोंकणी.

‘श्री गणेश मंदिर’, ‘पंचायत कार्यालय’ अशा पाट्यांना भाषा विचारणंच चूक आहे. तत्सम नामं ओळीने मांडली की कुठल्याही भाषेचं व्याकरण त्यात उतरत नाही. त्यांना ‘सामाईक’ अशी नोंद. सगळ्या पाट्या तीन ढिगांत बसवण्याचा आग्रह धरला तर सामाईक पाट्या ज्या ढिगात जातील त्याची संख्या फुगेल, आणि मग कुणीतरी त्या संख्येवरून वाद घालेल. गोव्यात भाषेचा प्रश्न किती नाजूक आहे हे माहीत असताना असे आकडे तयार होऊ देणं मला मान्य नाही.

१३ जुलै

ओकाराची परीक्षा. -ो ने संपणारं पुल्लिंग म्हणजे कोंकणी, हा नियम गोव्याच्या सीमेपलीकडे नेला की काय होतं?

उत्तरेला सिंधुदुर्गात लगेच अडतो. ‘येवा, कोकण आपलोच असा’ हे मालवणी वाक्य कितीतरी फलकांवर आहे. ‘आपलो’ ओकारान्त आहे. पण क्रियापद ‘असा’ आहे, गोव्यातल्या कोंकणीसारखं ‘आसा’ नाही. आणि ‘कोकण’वर टिंब नाही, कोंकणीत ‘कोंकण’, ‘कोंकणी’. मालवणी मराठीची बोली की कोंकणीची, यावर माणसं तळमळीने बोलतात आणि तो निकाल पाटीवरच्या एका कान्यावरून लावणं योग्य होणार नाही. मी तिला स्वतंत्र नोंद दिली: मालवणी.

नेपाळीतही ओकार आहे: ‘राम्रो’, ‘नेपालको’. पण तिथे षष्ठीचा प्रत्यय -को, कोंकणीत -चो, आणि ‘छ’, ‘-हरू’, ‘-लाई’, ‘गर्नुहोस्’ यांतला एखादा शब्द जवळपास असतोच. दुकानाला ‘पसल’. हिंदीपासून नेपाळीला वेगळं करणारी खूण म्हणजे प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो: हिंदीत ‘नेपाल का’, नेपाळीत ‘नेपालको’. म्हणून शब्दांमधली मोकळी जागा टंकताना जपायला हवी. रंगारी ती जपतोच असं नाही. गंगटोकसाठी आणखी एक सूचना लिहून ठेवली: आडवा र नेपाळीतही आहे (गऱ्यो), तो तिथे मराठीची खूण म्हणून धरू नये.

२० जुलै

पावसाने जांभ्या दगडावरच्या अक्षरांची दशा केली आहे. याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे, कारण दगडावर सगळ्यात आधी नाहीसं होतं ते टिंब, आणि सगळ्यात आधी उगवतं तेही टिंबच. रंग उडून अनुस्वार जातो, बुरशीचा ठिपका अनुस्वार होतो. ५ जुलैला टिंबांना शेवटच्या जागी ढकललं ते या कारणानेही बरं झालं. टंकताना आता तीन खुणा: टिंब नक्की आहे, नक्की नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या खुणेचं टिंब मोजणीत येत नाही.

फोटोवरून आपोआप अक्षरं वाचणाऱ्या कार्यक्रमाची चाचणी घेतली. टेसरॅक्टला आधीच भाषा सांगावी लागते, आणि आपल्याला नेमकी तीच शोधायची आहे. हिंदीचा नमुना दिला की तो हिंदीत बसणाऱ्या शब्दांकडे झुकतो, मराठीचा दिला की मराठीकडे, आणि ‘आनी’सारख्या शब्दात एका अक्षराचा झुकावही निकाल फिरवायला पुरेसा आहे. त्यातल्या त्यात लिपीचा सर्वसाधारण नमुना बरा:

```
tesseract pati.png pati -l script/Devanagari --psm 6
```

तरीही ज्या शब्दांवर निर्णय अवलंबून आहे (हांचे, यांचे, आसा, आहे, जालें, झालें) ते शब्द फोटोशी डोळ्याने ताडून बघितल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. सगळा मजकूर तपासायला वेळ नाही. हे मोजके शब्द तपासता येतात.

२७ जुलै

बाजूला ठेवलेले फोटो आज नियमांवरून घातले आणि नंतर काणकोणच्या एका शिक्षिकेने, कोंकणी ज्यांची घरची भाषा आहे, त्याच फोटोंना आपली उत्तरं दिली. पूर्ण वाक्य असलेल्या पाट्यांवर नियम आणि बाई यांचं एकमत झालं. मतभेद झाले ते दोन-तीन शब्दांच्या पाट्यांवर, आणि तिथे बाईंकडे असं ज्ञान होतं जे अक्षरांत नाही. ‘पसरो’ हा छोट्या दुकानाचा शब्द त्यांनी पाहताक्षणी कोंकणी ठरवला. नियमांना त्यात एक ओकार दिसला आणि ते सामाईकवर थांबले. ‘पसरो’ शब्दयादीत घातला.

एका दगडावर आमचं दोघांचंही अडलं. वर ‘देवस्थानचें’ आणि खाली नावांची यादी, बाकी काही नाही. साल गेलेलं. बाईंच्या मते कोंकणीत षष्ठीआधी सामान्यरूप होऊन ‘देवस्थानाचें’ झालं असतं, म्हणून हा जुना मराठी दगड असावा. युक्तिवाद मला पटतो, पण एका कान्यावर उभा आहे आणि तो काना दगड घडवणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी गाळलाही असेल. नोंद ‘मराठी/कोंकणी, अनिर्णित’ अशी केली आणि शेऱ्यात बाईंचं म्हणणं पूर्ण लिहिलं. त्याच देवळाच्या आवारात सालासह आणखी दगड आहेत असं कळलं. ऑगस्टात पाऊस उघडला की त्यांचे फोटो घ्यायचे आणि तिथे ‘देवस्थानचें’ की ‘देवस्थानाचें’ ते आधी बघायचं.